दहावीच्या सेंडऑफला मुख्याध्यापक जे बोलले त्यातलं पुढे काय कामाला आलं? अनुभव सांगा

शमिका: आमच्या मोठ्या बाई सेंडऑफला उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य, "आज घरी जायच्या आधी ऑफिसात जाऊन रजिस्टरमधलं आपलं नाव वाचा." सगळे हसले. मग त्यांनी सांगितलं की आजवर तुमचे फॉर्म शाळेने भरले, आता एलसी हातात पडला की पुढचा प्रत्येक कागद त्याच्यावरून निघणार, आणि तो नीट आहे का हे बघणं तुमचं काम. माझ्या मैत्रिणीच्या आडनावात एक काना कमी निघाला. बाईंनी पालकांचा अर्ज आणि जन्मदाखला घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवला आणि एलसी बरोबर नावानेच मिळाला. मला आजही वाटतं नवीन आयुष्य वगैरे म्हणजे काय हे त्या दिवशी खरं कळलं. तुमच्याकडे काय झालं?

निवृत्त मुख्याध्यापक: बाईंनी चांगलं केलं, पण सेंडऑफपर्यंत थांबू नये असं मला मनापासून वाटतं. बोर्डाचा फॉर्म भरल्यावर शाळेकडे प्री-लिस्ट येते, ती मुलांना दाखवून सह्या घ्यायच्या असतात, तिथे नाव आणि आईचं नाव पकडलं तर हॉलतिकीट आणि मार्कलिस्ट आपोआप बरोबर येतात. मी भाषणात मुख्यतः जातीच्या रकान्याबद्दल बोलायचो. तिथे काही वेळा नुसतं "हिंदू" लिहिलेलं असतं, आणि पुढे बारावीला जात पडताळणीच्या वेळी शाळेचाच दाखला पुरावा म्हणून मागतात. शाळा सोडल्यावर उघड लेखनिकी चूक असेल तरच रजिस्टरला हात लावता येतो, बाकीचं फार अवघड होऊन बसतं.

गौरव_७: सर मला परवा आमच्या शाळेत भाषण करायचंय, कोणी छान सुरुवात लिहून देईल का? कवितेने केली तर चालेल?

शमिका: गौरव, इथे लोकांचे अनुभव विचारलेत रे. पण वरचं सगळं वाच, यातलं एक तरी मुलांना सांग.

तन्वी: आमचे सर सायन्सवर बोलले होते. म्हणाले, सायन्स घेतलं म्हणजे सगळं खुलं राहिलं असं समजू नका, अकरावीत गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं, बायो सोडलं की मेडिकल गेलं, आणि दोन्ही ठेवलं तर सीईटीचे दोन्ही ग्रुप देता येतात पण प्रॅक्टिकलं आणि जर्नलं पण दोन्हींची. मग त्यांनी मुलांना विचारलं, तुमच्यापैकी कोणाला नेमकं काय नको आहे ते माहितीये? मला रक्त बघवत नाही हे मला माहीत होतं, घरचे मात्र दोन्ही ठेव म्हणत होते. मी त्याच रात्री बाबांशी बोलले आणि बायोच्या जागी आयटी घेतलं. एवढं सुद्धा कोणी स्टेजवरून सांगत नाही हो.

प्रसाद के: आमच्या सरांनी सांगितलेलं, घाबरू नका, बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, एक विषय गेला तरी काही बिघडत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक: प्रसाद, हे अर्धंच आहे. सहापैकी चांगल्या पाच विषयांचे मार्क फक्त टक्क्यांसाठी धरतात, पास मात्र सगळ्यात व्हावं लागतं. मुलं हे ऐकून एखादा विषय सोडूनच देतात आणि निकालाला रडतात.

सचिन: मी तोच राहिलेला मुलगा. इंग्रजी आणि सायन्स दोन्ही गेले. पण आमचे हेडसर सेंडऑफलाच बोलले होते की निकालाच्या दिवशी जो नापास होईल त्याने आधी शाळेत माझ्याकडे यायचं, मग घरी. मी गेलो. त्यांनी सांगितलं, दोन विषयांपर्यंत एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, जुलैच्या परीक्षेचा फॉर्म आजच भर. जुलैत इंग्रजी सुटलं, सायन्स मार्चमध्ये अकरावी करता करता. दहावीचं प्रमाणपत्र त्यानंतर हातात आलं. आधी घरी गेलो असतो तर वर्ष बसूनच काढलं असतं, घरात एटीकेटी कोणाला माहीतच नव्हती.

प्रसाद के: टक्क्यांचं लक्षात आलं सर. पण सचिन, सेंडऑफला, साड्या नेसून नटून आलेल्या मुलींसमोर, नापास हा शब्द? आमच्या वर्गातल्या काठावरच्या मुलांनी तो दिवस कसा काढला असता?

सचिन: आम्हाला आधीच माहीत होतं रे आम्ही काठावर आहोत ते. सरांनी कुणाकडे बघितलं नाही, पूर्ण हॉलला सांगितलं.

तन्वी: मला प्रसादचं पण पटतंय. पालकांच्या मीटिंगला सांगितलं असतं तर?

सचिन: माझे पालक एकाही मीटिंगला आले नव्हते.