ठोकळा उतारावर थांबेल का?

> ५ किलोचा ठोकळा, ३०° उतार, स्थितिक गुणांक ०.६. ओढ २४.५ न्यूटन, घर्षण २५.५. मग ठोकळा वर सरकेल का?

नाही हो, वर कसा सरकेल! २५.५ ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे (०.६ × ५ × ९.८ × cos ३०°), प्रत्यक्षातलं घर्षण नव्हे. उताराच्या दिशेने ओढ २४.५ आहे, म्हणून घर्षणही तेवढंच लागतं आणि ठोकळा जागेवर राहतो. ओढ मर्यादेपलीकडे गेली तरच तो घसरेल. वस्तुमान दोन्हीकडे असल्याने कटतं, त्यामुळे tan ३०° = ०.५७७ हे ०.६ पेक्षा कमी आहे एवढं पाहिलं तरी पुरतं. उतार ३१° केलात तर tan ०.६०१ होतो आणि ठोकळा निघालाच. मात्र इथे गतिक गुणांक घालू नका, तो सहसा कमी असतो.