अनुभव धागा: धाकटीच्या संगीतात ताई-दादांचं भाषण

पुढच्या महिन्यात धाकटीचं संगीत आहे आणि "ताई, तू बोलायचंस" असं फर्मान निघालंय. लोक हसले पाहिजेत, पण सासरच्यांसमोर तिची शोभा व्हायला नको. तुम्ही काय बोललात?

पेप्सीकोलावाला दादा
मी दोन नाचांच्या मध्ये बोललो, जेमतेम तीन मिनिटं. जेवणं सुरू झाल्यावर माईक हातात आला तर समोर रिकाम्या खुर्च्या आणि सगळे कुल्फीच्या रांगेत, हे दुसऱ्या एका लग्नात पाहिलं होतं.
किस्सा एकच घेतला. लहानपणी माझ्या भानगडी आईला न सांगण्याबद्दल ही पेप्सीकोला उकळायची, आणि त्याचा हिशेब शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर. ती वही माळ्यावर सापडली. स्टेजवर तीच वाचली: "दादा. काच फोडली. 2 पेप्सीकोला. 1 बाकी." मग नवऱ्या मुलाकडे वळलो, "भावोजी, हे खातं आता तुमच्या नावावर. माझी भरपाई मी उद्या कानपिळीला वसूल करीन." मुलाकडचेच जास्त हसले. चेष्टा माझी झाली, ती हुशार ठरली.
शेवटची नोंद होती, "दादाला ताप. माफ." एवढं वाचून माईक देऊन टाकला. त्यापुढे "तू आमच्या घरची लक्ष्मी" वगैरे लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. बरंच झालं.

काकू, सदाशिव पेठ
संगीत आपल्यात नव्हतंच कधी. थट्टा-मस्करीही नाही. एक उखाणा घ्यावा आणि बसावं.

नागपूरची ताई
काकू, संगीत नव्हतं हे खरं. पण विहिणींच्या पंगतीतली गाणी विसरलात का? व्याह्यांची सालं काढायचे त्यात!
मी किस्से आधी बहिणीला ऐकवले. जुनी प्रकरणं, वजन आणि दहावीचे मार्क तिने तिथेच कापले. आजेसासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्यांच्या शेजारी आमची मावशी बसवली. ती प्रत्येक वाक्य ओरडून सांगायची, त्यामुळे प्रत्येक विनोदाला हशा दोनदा.

नवखा
मी धाकटा आहे, ताईच्या संगीतात नाचायचंय. सोप्या स्टेप्सचं गाणं सुचवा ना.

नागपूरची ताई
अरे बाळा, धागा भाषणाचा आहे.

धागाकर्ती
वही नाही माझ्याकडे. पण माझा नवा ड्रेस घालून ती कॉलेजला गेली आणि मी ओरडेन म्हणून संध्याकाळी ओलाच इस्त्री करून कपाटात ठेवला. हा चालेल?

नागपूरची ताई
आधी तिला विचार.

पेप्सीकोलावाला दादा
अजिबात विचारू नकोस. वही बघून बहिणीचा चेहरा जो झाला, तो आधी सांगितलं असतं तर दिसला असता का?

नागपूरची ताई
तुमची बहीण हसली म्हणून. माझी तिथेच रडली असती, मेकअपसकट.