मदत हवी आहे: खोट्या खर्चाच्या दाव्याबद्दल लेखी ताकीद

माझ्या टीममधल्या एकाने दौऱ्याच्या खर्चात टॅक्सीचं 1,450 चं बिल 4,450 करून लावलं. टॅक्सी कंपनीकडून मूळ बिलाची प्रत मागवली. बिल क्रमांक, तारीख, वेळ सगळं तेच, फक्त पहिला आकडा बदललेला. खुलासा मागितल्यावर त्याने लेखी कबुली दिली.

पत्रात ‘तुम्ही अप्रामाणिक आहात’ असं काही लिहायचं नाही, हे मी ठरवलंय. दाव्याची तारीख, दोन्ही रकमा, दोन्ही प्रती सोबत जोडलेल्या आणि त्याच्या खुलाशाचा उल्लेख, एवढंच. माणूस आठ वर्षं चांगलं काम करतोय, त्यामुळे शब्द जपून वापरायचेत.

अडलंय ते वसुलीपाशी. फरकाचे 3,000 परत घ्यायचे की पूर्ण बिलच नामंजूर करायचं? प्रवास खरा झालाय, म्हणून मला फरकच योग्य वाटतो. पगारातून कापायचे तर त्याची वेगळी लेखी संमती घ्यावी, की पत्राची पोच पुरेशी?

आणि शेवटचं वाक्य: ‘पुन्हा घडल्यास सेवा समाप्त केली जाईल’ की ‘सेवासमाप्तीपर्यंतची कारवाई होऊ शकते’? पहिल्याने पुढच्या वेळी चौकशीआधीच निकाल दिल्यासारखं होईल, अशी भीती वाटते. अशी पत्रं लिहिलेल्यांनी कृपया सांगा.