मदत हवी आहे : निकटतम शेजारी पद्धतीत k ठरत नाही आणि सगळी अंतरे जवळजवळ सारखीच येतात

कंपनमापक

नमस्कार. माझ्याकडे बेअरिंगच्या कंपनांच्या 600 नोंदी आहेत. निम्म्या सुस्थितीतील आणि निम्म्या सदोष. सर्व नोंदी एकाच वेगावर आणि एकाच भारावर घेतलेल्या आहेत. प्रत्येक नोंदीचा वर्णपट 300 अरुंद वारंवारता-पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्ट्यातील ऊर्जेचा लॉगॅरिदम मी फीचर म्हणून घेतला आहे आणि सर्व फीचर स्टँडर्डाइझ केले आहेत.

पाच फोल्डच्या क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये k = 1 असताना अचूकता 58 टक्क्यांच्या आसपास येते, k = 15 पर्यंत ती वाढते आणि त्यापुढे 68 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान रेंगाळते. फोल्ड नव्याने पाडले की ‘सर्वोत्तम’ k बदलतो; कधी 19, कधी 37, कधी 53. म्हणून मी प्रत्यक्ष अंतरे तपासली. एखादी नोंद घेतली, तर तिचा सर्वांत जवळचा शेजारी साधारण 21.9 अंतरावर असतो, मधला 24.5 वर आणि सर्वांत दूरचा 27.2 वर. यात ‘जवळचा’ म्हणण्यासारखे काय उरले, आणि अशा वेळी k कोणत्या आधारावर निवडावा?

शून्यशोधक

k विरुद्ध गटांतर्गत वर्गबेरीज असा आलेख काढावा. तो जिथे कोपरासारखा वाकतो, तो k घ्यावा. माझ्या ग्राहक-गटांच्या कामात k = 4 असा स्वच्छ कोपरा मिळाला होता.

कंपनमापक

आभार, परंतु आपण के-मीन्सविषयी सांगत आहात असे वाटते. तेथील k ही गटांची संख्या आहे. माझा k म्हणजे मत देणाऱ्या शेजाऱ्यांची संख्या.

वर्गमूळ

n चे वर्गमूळ घ्यावे, हा सोपा नियम आहे. 600 चे वर्गमूळ साधारण 24.5 येते, म्हणून 25 घ्यावा. तो विषम असल्यामुळे दोन वर्गांत मते समसमान पडण्याचाही प्रश्न राहत नाही. एवढ्यासाठी फोल्ड पाडत बसण्याची गरज नाही.

सांख्यिक_जुना

25 घेतल्याने आपले काही बिघडणार नाही, हे खरे. मात्र त्याचे श्रेय वर्गमूळाला देऊ नये. आपला आलेख 15 च्या पुढे सपाट आहे आणि त्या पठारावर कुठेही उभे राहिले तरी दृश्य तेच दिसते. 600 नोंदींवर 70 टक्के अचूकता मोजली, तर त्या आकड्याची प्रमाणत्रुटी सुमारे 1.9 टक्के असते. एकाच नोंदींवर दोन k ची तुलना करताना ती थोडी कमी धरता येईल, तरीही 19, 37 आणि 53 यांच्यातील अर्ध्या टक्क्याच्या फरकाला अर्थ देऊ नये. आपला ‘सर्वोत्तम’ k भटकतो याचे कारण एवढेच आहे.

मला आपल्या अंतरांचे आकडे अधिक बोलके वाटतात. एकमेकांशी संबंध नसलेले, प्रसामान्य वितरणाचे 300 आकडे प्रत्येक नोंदीसाठी यादृच्छिकपणे निवडले, तर दोन नोंदींमधील वर्गित अंतरात प्रत्येक फीचर सरासरी 2 ची भर घालते. एकूण सरासरी 600, म्हणजे अंतर सुमारे 24.5, आणि त्याचे प्रमाण विचलन जेमतेम 1. आपला मधला आकडा तोच आहे आणि दोन्ही टोकेही त्याच पट्ट्यात बसतात. अंतराच्या दृष्टीने आपल्या नोंदी निव्वळ गोंगाटाहून फारशा वेगळ्या नाहीत.

आता समजा, दोषाचा परिणाम फक्त 5 पट्ट्यांवर होतो आणि प्रत्येकात सरासरी एका प्रमाण विचलनाने सरकते. भिन्न वर्गांतील दोन नोंदींच्या वर्गित अंतरात त्यामुळे 5 ची भर पडते : 600 ऐवजी 605, म्हणजे 24.5 ऐवजी 24.6. वर्गित अंतराचे स्वतःचे चढउतार मात्र सुमारे 49 चे असतात. केवळ तेच 5 पट्टे ठेवले, तर तुलना 10 विरुद्ध 15 अशी होते आणि चढउतार 6.3 वर येतात. भर तीच, पण गोंगाटाच्या तुलनेत ती सुमारे आठपट ठळक होते. मोठा k एवढेच करतो की प्रत्येक शेजाऱ्याच्या मतात जो किंचित कल असतो, तो अनेक मतांतून गोळा करतो; म्हणूनच k = 1 ला 58 टक्के आणि पुढे 70. अंतरातच जी माहिती बुडाली आहे, ती k वर काढू शकत नाही.

पिक्सेलवाला

मला हे पटत नाही. हस्तलिखित अंकांच्या एमनिस्ट संचात 784 पिक्सेल आहेत, म्हणजे आपल्या दुपटीहून अधिक मिती, आणि तेथे k = 3 घेऊन साध्या युक्लिडीय अंतराने सुमारे 97 टक्के अचूकता मिळते. मितींचा शाप एवढा भयंकर असता, तर हे शक्य झाले नसते.

सांख्यिक_जुना

आपले उदाहरण योग्य आहे, निष्कर्ष तेवढा नाही. शेजारचे पिक्सेल बहुधा एकत्रच काळे किंवा पांढरे असतात, त्यामुळे 784 आकडे खऱ्या अर्थाने स्वतंत्र नसतात आणि अंकाचा आकार त्यांतील बहुतेकांवर उमटतो. बायर आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये अंतरे सारखी होत जाण्याचा जो निष्कर्ष मांडला, त्यालाही अटी आहेत. नोंदी स्पष्ट पुंजक्यांत असतील, तर तो लागू होत नाही. स्तंभांची संख्या मोजून काही कळत नाही, अंतरांचा पसारा पाहावा लागतो. कंपनमापक यांचे अरुंद पट्टे स्थिर वेगावर जवळजवळ स्वतंत्रपणे हलतात, म्हणून त्यांना 300 मितींची पूर्ण किंमत मोजावी लागते.

पट्टे निवडताना एक काळजी घ्यावी. सर्व 600 नोंदी पाहून पट्टे निवडले आणि मग क्रॉस-व्हॅलिडेशन केले, तर चाचणीच्या नोंदींची उत्तरे निवडीत आधीच मिसळलेली असतात आणि अचूकता फुगते. निवड प्रत्येक फोल्डच्या आत व्हायला हवी :

```python
pipe = Pipeline([
    ("scale", StandardScaler()),
    ("pick", SelectKBest(f_classif)),
    ("knn", KNeighborsClassifier()),
])
grid = {"pick__k": [5, 10, 20, 50, 300],
        "knn__n_neighbors": [1, 5, 15, 25, 41]}
cv = RepeatedStratifiedKFold(n_splits=5, n_repeats=10,
                             random_state=0)
gs = GridSearchCV(pipe, grid, cv=cv).fit(X, y)
```

येथे `pick__k` म्हणजे पट्ट्यांची संख्या. नावातील k पाहून गोंधळ होऊ देऊ नये.

कंपनमापक

चालवून पाहिले. 10 पट्ट्यांवर k = 1 ला सुमारे 72 टक्के आणि k = 15 पासून पुढे 80 च्या आसपास अचूकता मिळाली. आलेख 15 ते 41 दरम्यान अजूनही सपाटच आहे. अडचण एकच राहिली : तीन पट्टे प्रत्येक फोल्डमध्ये निवडले जातात, उरलेले मात्र दर वेळी बदलतात.

रोलरबेअरिंग

मी यंत्रांच्या देखभालीत आहे. पट्टे आकडेवारीवर का सोपवता? शाफ्टचा वेग, गोळ्यांची संख्या आणि बेअरिंगची मापे यांवरून बाहेरच्या व आतल्या रेसच्या दोषाच्या वारंवारता काढता येतात. त्या आणि त्यांच्या पटीतील पट्टे घेतले, तर निवडीसाठी नोंदींची उत्तरे पाहावीच लागत नाहीत.

सांख्यिक_जुना

हा मार्ग अधिक चांगला आहे, कारण त्यात फुगवट्याचा धोकाच राहत नाही. माझी शंका एवढीच की गोळ्या थोड्या घसरतात, त्यामुळे प्रत्यक्ष वारंवारता हिशेबाच्या जरा बाजूला पडते आणि अतिअरुंद पट्टा नेमका हुकू शकतो. शिवाय SelectKBest प्रत्येक पट्टा एकेकटा तपासतो. दोन पट्टे मिळूनच दोष दाखवत असतील, तर ते त्याच्या हाती लागणार नाहीत.

रोलरबेअरिंग

घसरण असते, पण ती थोडी. दोन्ही बाजूंचा एकेक पट्टा जोडून घेतला की बहुतेक वेळा काम भागते.

कंपनमापक

कायम निवडले जाणारे तीन पट्टे बाहेरच्या रेसची वारंवारता आणि तिच्या दुप्पट व तिप्पट वारंवारतांशी जुळतात. आतल्या रेसच्या वारंवारतेजवळ मात्र एकही पट्टा निवडला गेलेला नाही. सदोष नोंदींत आतल्या रेसचे दोष कितपत आहेत, याची माहिती संचात नोंदवलेली नाही, ती मिळवण्याच्या प्रयत्नात आहे.