‘अंत्य धमनी’ म्हणजे शेवटची धमनी का?

ऐरोलीकर:
दाजींच्या किडनीतला खडा वाशीत दुर्बिणीतून काढला, पाठीला भोक पाडून. चौथ्या दिवशी घरी आले. नवव्या दिवशी लघवीला लालभडक रक्त, गाठीसकट. परत ॲडमिट. किडनीच्या एका खंडाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला जखम होऊन तिथे रक्ताचा फुगा झाला होता. मांडीतून नळी घालून ती फांदी आतून बंद केली आणि रक्त थांबलं. डिस्चार्जच्या कागदावर ‘एंड आर्टरी’ असं लिहिलंय, शिवाय ‘तेवढा भाग निकामी होईल’ असंही. ताईला समजावं म्हणून मी मराठी करून पाठवलं आणि ‘अंत्य धमनी’ लिहून बसलो. ताईचा लगेच फोन, रडत: “शेवटचीच राहिली होती का रे?” परिभाषेत शब्द बरोबर असेलही, पण घरात ‘अंत्य’ म्हटलं की पुढे ‘विधी’च ऐकू येतो. याला दुसरा शब्द आहे का?

आयुर्वेदी:
मुळात ‘किडनी’ कशाला? ‘वृक्क’ हा आपला शब्द आहे आणि त्यातच लघवी गाळण्याचा अर्थ आलेला आहे.

नौपाड्याचा सर्जन:
शब्द आपला आहे, अर्थाचं तसं नाही. चरकाने वृक्क मेदोवह, म्हणजे चरबी वाहणाऱ्या, स्रोतसांच्या मुळाशी ठेवले आहेत. लघवी वाहणाऱ्या मूत्रवह स्रोतसांचं मूळ म्हणून तो बस्ती म्हणजे मूत्राशय आणि वंक्षण म्हणजे जांघ सांगतो. मला यात गंमत वाटते, कारण पोट उघडल्यावर किडनी आधी दिसतच नाही, दिसते ती चरबी. किडनी चरबीत रुतलेली, त्या चरबीभोवती जेरोटाचा पातळ पडदा आणि पडद्याबाहेर आणखी चरबी. दाजींचं थोडंफार रक्त बाहेर झिरपलं असतं, तरी या पडद्याने ते बऱ्यापैकी अडवून धरलं असतं. पण वाहिलं ते लघवीच्या वाटेने, तिकडे पडदा नाही.

आता मूळ प्रश्न. इथे ‘अंत्य’चा अर्थ शेवटची असा नाही. जिची फांदी शेजारणीच्या फांदीला कुठेही जोडलेली नाही, अशी धमनी. हाताच्या पंजात एक धमनी दाबली तर दुसरीकडून रक्त येतं. किडनीत ते येत नाही. मुख्य धमनी आत शिरताना पुढची आणि मागची अशा दोन शाखांत फुटते. पुढचीपासून चार खंडांना फांद्या जातात, मागची एकटी मागचा खंड सांभाळते. अशा पाचांपैकी एक फांदी बंद झाली की तेवढाच खंड मरतो, बाकीचे चार ठणठणीत राहतात. दाजींच्या बाबतीत नळी अगदी बारीक फांदीपर्यंत नेली असेल, तर गमावलेला तुकडा खंडाहूनही लहान असेल. ताईंना हे आधी सांगा.

कोपरखैरणे सेक्टरवाला:
म्हणजे आमच्या सेक्टरसारखंच की! पाच सेक्टर, प्रत्येकाला वेगळी पाण्याची लाइन. ‘खंड’पेक्षा ‘सेक्टर’ म्हणा, नवी मुंबईत कुणालाही कळेल.

नौपाड्याचा सर्जन:
लाइनपुरतं चालेल, पण सेक्टरला रस्ते असतात आणि ते एकमेकांना मिळतात. किडनीत आत येणाऱ्या वाटा मिळत नाहीत, बाहेर जाणाऱ्या मिळतात. शिरांचं आतमध्ये छान जाळं असतं. त्यामुळे एखादी छोटी शीर बांधावी लागली तर सर्जन फारसा घाबरत नाही. धमनी बांधताना मात्र हात थांबतो. धमन्या सेक्टरच्या पाण्याच्या लाइनीसारख्या आणि शिरा गटारांसारख्या, असं म्हणा.

किडनीतली ट्यूमरची गाठ काढताना हे डोळ्यांनी दिसतं. एका फांदीला चिमटा लावला की थोड्याच वेळात तेवढ्या भागाचा रंग उतरतो आणि ओल्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटावी तशी सीमा दिसते. ही सीमा सर्वांत सारखी नसते. १९५४ मध्ये ग्रेव्हज या इंग्रज सर्जनने धमन्यांत राळ भरून साचे बनवले आणि हे पाच खंड मांडले. तो नमुना आहे, नियम नव्हे.

सानपाड्याची सुलू:
माझ्या आईची किडनी ‘सरकली’ होती म्हणे. उभी राहिली की खाली यायची. तिचीही धमनी अशीच तुटली असेल का? आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

नौपाड्याचा सर्जन:
सुलूताई, हा वेगळा विषय आहे. श्वासासोबत किडनी थोडी वरखाली होतेच. त्या चरबीचा आधार कमी झाला की जास्त घसरते. त्याने धमनी तुटत नाही.

ऐरोलीकर:
काका, मग ही फांदी दुखावलीच कशी? ‘रक्तहीन रेषेतून’ सुई घातली, असं आम्हाला आधीच सांगितलं होतं. रक्तहीन, मग रक्त कुठून आलं?

नौपाड्याचा सर्जन:
हाच तो दुसरा फसवा शब्द. पुढच्या आणि मागच्या शाखांच्या हद्दी जिथे भिडतात तिथे मोठ्या धमन्या कमी असतात. किडनीच्या बाहेरच्या उंचवट्यापेक्षा किंचित मागे. १९०१ मध्ये हे मांडणारा ब्रोडेल डॉक्टर नव्हता, चित्रकार होता. जॉन्स हॉपकिन्सला शस्त्रक्रियांची चित्रं काढायचा. तिथे रक्त असतंच, ‘अल्परक्त’ म्हणा हवं तर. सुई मागून, किडनीत लघवी जमते त्या पेल्यासारख्या कप्प्याच्या नेमक्या टोकातून आत गेली तर धोका कमी. तीच कप्प्याच्या मानेतून गेली तर मानेला लगटून जाणारी धमनी लागते. मागच्या खंडाची धमनी तर अशी सुई लागण्यात सर्वांत पुढे. दाजींचं नेमकं काय झालं, ते मी इथे बसून सांगणार नाही. सगळं नीट करूनही असं होऊ शकतं.

आणि फुगा लगेच फुटत नाही. आधी गुठळीने जखम बुजते, ती सुटली की आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्त येतं. म्हणून घरी गेल्यावर लघवीतून रक्ताच्या गाठी पडायला लागल्या तर थांबू नये.

आयुर्वेदी:
मग ‘साहाय्यक धमनी’चं काय? परवा एका अहवालात वाचलं. मदतनीस असेल तर कापली तरी चालेल ना?

नौपाड्याचा सर्जन:
अजिबात नाही! तिसरा फसवा शब्द, आणि मला वाटतं सर्वांत धोकादायक. साधारण चार माणसांमागे एकाला किडनीला एकापेक्षा जास्त धमन्या असतात. ती जादा धमनी कुणाला मदत करत नाही, आपल्या खंडाला एकटीच पुरवते. बांधली की खंड गेला. खालच्या टोकाची असेल तर मूत्रनलिकेच्या वरच्या भागाचं रक्तही बहुतेक तिच्यातूनच जातं. दात्याची किडनी काढताना तीच तुटली, तर पुढे नलिका सडून लघवी गळते. म्हणून दात्याचा स्कॅन धमन्या मोजण्यासाठी आधी करतात. मी विद्यार्थ्यांना ‘वेगळ्या घरची धमनी’ म्हणायचो, ते हसायचे.

ऐरोलीकर:
‘एकवाट धमनी’ कसं वाटतं? वाट एकच, बंद झाली की पुढचं बंद.

कोपरखैरणे सेक्टरवाला:
‘बंद गल्ली’ म्हणा. एका अर्थाने बरोबरच आहे.

नौपाड्याचा सर्जन:
गल्ली ‘बंद’ म्हटलं की आधीच तुंबलेली वाटते. ‘एकवाट’ मला पटतं. पण पाठ्यपुस्तकात ‘अंत्य’ रुळलाय, परीक्षेत ‘एकवाट’ लिहिणाऱ्याला गुण मिळतील का, सांगता येत नाही.

ऐरोलीकर:
ताईला परीक्षा द्यायची नाहीये. तिला ‘एकवाट’ लिहून पाठवलं. तिचा उलटा मेसेज: “मग दुसरी वाट करता येत नाही का?” काका, याचं उत्तर तुम्हीच द्या.