बर्थडेचं बजेट: आधी डोकी मोजा

> ५००० ची लिमिट ठरवते पण दरवेळी ७-८ हजार होतातच, नक्की कुठे चुकतं?

अगं डोकी मोजण्यात चुकतं. आमच्याकडे रत्नागिरीत १५ पोरं बोलावली की ५ धाकटी भावंडं नि सोडायला आलेल्या आया धरून २५ जणं होतात, आणि दारातून कुणाला तसंच कसं पाठवणार? म्हणून गेल्या वर्षी ५००० मधले ५०० आधीच वेगळे ठेवले, मग दीड किलोचा केक १२००, बटाटेवडे वगैरे २५ जणांचे १७५०, फुगे ३००, कोकम सरबत घरचंच. उरले १२५०, ते २० पोरांत वाटले तर ६० च्या वर रिटर्न गिफ्ट बसतच नाही, मग स्केचपेनचं छोटं पाकीट आणलं. मी आधी उलटं करायचे, गिफ्ट पहिलं घ्यायचे तेही १५ च, आणि ऐनवेळी भावंडांसाठी दुकानात पळापळ, तिथेच हजार जायचे.

शाळेतल्या गिफ्ट एक्स्चेंजला चिठ्ठ्या काढायच्या आधीच ग्रुपवर लिहायचं, १०० रुपये, पॅकिंग धरून. "साधारण १००" लिहिलं की कुणीतरी ३०० चं आणतंच आणि ज्याला ८० चं मिळतं तो घरी येऊन रडतो, आमचा रडलाय.