ईएसपी-३२ वरून सोलेनॉइड व्हॉल्व्ह चालवताना बोर्ड रीसेट होतो आणि व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही : मदत हवी आहे

गच्चीतली बाग

नमस्कार. साताऱ्यातील आमच्या घराच्या गच्चीवर साठ-एक कुंड्या आणि चार वाफे आहेत. त्यांना सकाळ-संध्याकाळ ठिबकने आपोआप पाणी मिळावे म्हणून मी अर्धा इंची, १२ व्होल्ट डीसीवर चालणारा, एरवी बंद राहणारा प्लास्टिकचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणला आहे. त्याच्या कॉइलचा रोध मल्टिमीटरवर २६ ओहम दिसतो. ईएसपी-३२ च्या पिनमधून २२० ओहमच्या रेझिस्टरमार्फत आयआरएफझेड४४एन या मॉस्फेटच्या गेटला जोडणी केली आहे आणि मॉस्फेट व्हॉल्व्हची ऋण तार जमिनीशी जोडतो. १२ व्होल्ट, १ अँपिअरच्या एकाच अ‍ॅडॉप्टरवर व्हॉल्व्ह थेट आणि बोर्ड बक कन्व्हर्टरमार्फत चालतो. जिन्यातल्या पेटीपासून व्हॉल्व्हपर्यंत अर्धा चौरस मिलिमीटरची १४ मीटर दुहेरी तार आहे.

अडचणी दोन आहेत. व्हॉल्व्ह बंद करण्याच्या क्षणी, चार वेळांपैकी एकदा तरी, बोर्ड रीसेट होतो. शिवाय पाच मिनिटांत मॉस्फेट इतका तापतो की बोट ठेवता येत नाही, आणि व्हॉल्व्हमधून पाणी जेमतेम येते. फ्लायबॅक डायोड म्हणून १एन४००७ लावला आहे; तो मॉस्फेटच्या ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये आहे.

अ‍ॅडॉप्टर बदलावा लागेल का, डायोड योग्य जागी आहे का, आणि मी घरी नसताना सासूबाईंना हाताने पाणी सोडता यावे यासाठी बायपास कसा करावा, हे कृपया सांगावे.

जुना रेडिओवाला

अ‍ॅडॉप्टर अपुरा आहे, हे उघड दिसते. सोलेनॉइड सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, त्यामुळे किमान ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा. मॉस्फेटच्या फंदात पडूच नये. बाजारात रिलेचे तयार मॉड्यूल मिळते आणि त्यावर डायोड आधीच बसवलेला असतो, म्हणजे तोही प्रश्न मिटतो. माझ्या पंपाला मी तेच लावले आहे.

तारांची वही

रेडिओवाले काकांचे म्हणणे एसी कॉइलच्या बाबतीत खरे आहे. बागेचे २४ व्होल्ट एसीचे व्हॉल्व्ह सुरू होताना जास्त प्रवाह घेतात आणि आतील दांडा वर ओढला गेला की तो प्रवाह उतरतो. डीसी कॉइलमध्ये असे होत नाही. तिथे प्रवाह शून्यापासून चढत जातो आणि १२ भागिले २६, म्हणजे साधारण ०.४६ अँपिअरवर स्थिरावतो. वायफाय चालू असताना बोर्डाला बक कन्व्हर्टरच्या अलीकडे क्षणभर आणखी ०.२ अँपिअर लागले, असे धरले तरी बेरीज पाऊण अँपिअरच्या आतच राहते. अ‍ॅडॉप्टर खरोखर १ अँपिअरचा असेल तर तो पुरतो. मी स्वतः २ अँपिअरचा घेईन, कारण स्वस्त अ‍ॅडॉप्टरवर छापलेला आकडा पूर्ण भरेलच असे नाही.

रिले मॉड्यूलवरचा डायोड रिलेच्या स्वतःच्या कॉइलसाठी असतो. व्हॉल्व्हच्या कॉइलचा धक्का तेव्हा रिलेच्या संपर्कांवर ठिणगी होऊन पडतो, ते हळूहळू काळे पडतात आणि एखाद्या दिवशी चिकटून राहतात. म्हणून रिले वापरला तरी व्हॉल्व्हला वेगळा डायोड लागतोच.

आता आपल्या रीसेटविषयी. रीसेट व्हॉल्व्ह उघडताना होत असता तर मी पुरवठ्याकडे बोट दाखवले असते, कारण तेव्हा भार वाढतो आणि व्होल्टेज खचते. आपला बोर्ड बंद करताना रीसेट होतो, आणि त्या क्षणी भार कमीच होत असतो. याचा अर्थ धक्का कॉइलकडून येतो आहे. ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये लावलेला डायोड इथे काहीच करत नाही. मॉस्फेटच्या आत तसा एक डायोड असतोच. कॉइलमधला प्रवाह थांबवायला गेले की ती ड्रेनचे व्होल्टेज वर ढकलते आणि मॉस्फेट स्वतः कोसळून तो धक्का सोसतो. डायोड कॉइलला समांतर हवा, पट्टी असलेले टोक धन तारेकडे. मग प्रवाह कॉइल आणि डायोड यांच्यातच फिरून विरतो. अर्ध्या अँपिअरला १एन४००७ पुरेसा आहे. त्यामुळे व्हॉल्व्ह किंचित उशिरा मिटतो, पण पाण्याच्या कामात ते जाणवत नाही.

डायोड हलवण्याआधी एक मोजमाप करावे. व्हॉल्व्ह चालू असताना ड्रेन व सोर्स यांच्यामध्ये किती व्होल्ट आहेत आणि व्हॉल्व्हच्या टोकांवर किती आहेत, हे कळवावे.

माळावरचा मळा

माझ्याकडे शेतावर वीज रात्रीच असते, म्हणून मी बॅटरीवर चालणारा लॅचिंग सोलेनॉइड वापरतो. त्याला उघडायला एक क्षणाचा झटका आणि मिटायला उलट दिशेचा झटका पुरतो. मधल्या काळात प्रवाह लागत नाही. आपण सांगता तसा डायोड मी कॉइलला लावला आणि उलट झटका देताच तो जळाला. हा डायोड धोक्याचा आहे, असे माझे मत झाले आहे.

तारांची वही

आपल्या बाबतीत तो जळणारच होता, कारण उलट दिशेला तो थेट शॉर्ट होतो. लॅचिंग कॉइलला एच-ब्रिज लागतो आणि संरक्षणाचे डायोड त्या ब्रिजमध्येच असावे लागतात. एल२९३डी मध्ये ते आतच असतात. एल२९८ ची सुटी चिप घेतली तर बाहेरून जोडावे लागतात. धागाकर्त्यांचा व्हॉल्व्ह एकाच दिशेने चालतो, त्यामुळे त्यांना साधा डायोडच योग्य आहे.

गच्चीतली बाग

मोजमापे अशी आली : ड्रेन ते सोर्स २.७ व्होल्ट, आणि व्हॉल्व्हच्या टोकांवर ८.९ व्होल्ट.

तारांची वही

मग तापण्याचे कारण सापडले. व्हॉल्व्हमधून ८.९ भागिले २६, म्हणजे ०.३४ अँपिअर वाहतो आहे आणि त्याच वेळी मॉस्फेटवर २.७ व्होल्ट अडकले आहेत. यातून जवळजवळ १ वॅट उष्णता निर्माण होते. हीटसिंक नसलेला हा मॉस्फेट १ वॅटला आजूबाजूच्या हवेपेक्षा साधारण ६० अंशांनी तापतो. आयआरएफझेड४४एन पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट अपेक्षित असतात आणि ईएसपी-३२ केवळ ३.३ व्होल्ट देतो. त्याच घडणीचा आयआरएलझेड४४एन घ्यावा. नावात एका अक्षराचा फरक आहे, पण तो कमी गेट-व्होल्टेजसाठी बनवलेला असल्याने एवढ्या प्रवाहाला ३.३ व्होल्टवर सहज उघडतो. गेट व जमीन यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टरही लावावा, कारण बोर्ड सुरू होईपर्यंत पिन अधांतरी असते आणि तेवढ्यात व्हॉल्व्ह अर्धवट उघडू शकतो. व्हॉल्व्हची ऋण तार मॉस्फेटमधून थेट अ‍ॅडॉप्टरच्या ऋण टोकाकडे न्यावी, ती बोर्डाच्या जमिनीतून फिरवू नये.

प्रोग्राममध्ये पाणी चालू राहण्याची कमाल मर्यादा जरूर ठेवावी. वायफाय तुटले म्हणून बंद करण्याचा निरोप पोहोचला नाही, तर टाकी रिकामी होते.

```
if (valveOn && millis() - openedAt > 20UL * 60 * 1000) {
  digitalWrite(VALVE_PIN, LOW);
  valveOn = false;
}
```

गच्चीतली बाग

दोन्ही बदल केले. ड्रेन ते सोर्स आता ०.०२ व्होल्ट दिसते, व्हॉल्व्हवर ११.५ व्होल्ट मिळतात आणि मॉस्फेट थंड राहतो. लागोपाठ तीस वेळा उघड-मीट केली, बोर्ड एकदाही रीसेट झाला नाही. अ‍ॅडॉप्टर जुनाच आहे.

पाणी मात्र अजूनही पुरेसे येत नाही. उघडताना टक असा आवाज स्पष्ट येतो, पण धार करंगळीएवढीही नसते. कधी कधी मिटल्यावरही थेंब-थेंब गळत राहते.

नळजोडणी

मी प्लंबिंगची कामे करतो. विजेतले मला फारसे कळत नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी व्हॉल्व्हपेक्षा किती उंच आहे? आणि व्हॉल्व्हच्या अंगावर दाबाचा आकडा छापलेला असतो, तो वाचून सांगावा.

गच्चीतली बाग

टाकी विटांच्या कट्ट्यावर आहे. पाणी भरलेले असताना उंची सव्वा मीटर, संध्याकाळपर्यंत पाऊण मीटर. व्हॉल्व्हवर ०.०२ ते ०.८ मेगापास्कल असे छापले आहे.

नळजोडणी

इथेच घोडे अडले आहे. ०.०२ मेगापास्कल म्हणजे दोन मीटर पाण्याचा दाब, आणि आपल्याकडे सव्वा मीटरच आहे. या व्हॉल्व्हमध्ये कॉइल फक्त एक बारीक छिद्र उघडते आणि रबरी पडदा पाण्याच्या दाबानेच उचलला जातो. दाब कमी असला की पडदा नीट उचलला जात नाही आणि मिटताना घट्ट बसतही नाही, म्हणूनच ते थेंब. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे का, हे एकदा पाहावे. उलटा बसवला तरी असेच होते. अलीकडे जाळी असलेला फिल्टरही हवा, कारण वाळूचा कण पडद्याखाली अडकला की गळती थांबत नाही.

बायपासविषयी माझा सल्ला असा आहे की व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना टी घालून त्याला समांतर नळी घ्यावी आणि त्या नळीवर हाताचा बॉल व्हॉल्व्ह बसवावा. सोलेनॉइडच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन ठेवल्यास पाणी न थांबवता तो साफ करायला काढता येतो.

जुना रेडिओवाला

एवढी नळजोडणी कशाला? मॉस्फेटला समांतर एक बटण लावले की बायपास झाला.

तारांची वही

बटण उपयोगी आहे, पण वीज गेल्यावर ते निरुपयोगी ठरते, आणि सासूबाईंना पाणी तेव्हाही लागेल. दोन्ही ठेवावेत. विजेच्या बाजूला मी मध्ये बंद स्थिती असलेला तीन स्थितींचा स्विच लावीन : कॉइलची ऋण तार स्विचच्या मधल्या टोकाला, एका बाजूला मॉस्फेट आणि दुसऱ्या बाजूला थेट जमीन. यामुळे बोर्ड बिघडला तरी व्हॉल्व्ह हाताने उघडता येतो आणि पावसाळ्यात पूर्ण बंदही ठेवता येतो. डायोड मात्र स्विचच्या पलीकडे, व्हॉल्व्हच्या टोकांवरच असावा; तो मॉस्फेटच्या बाजूला राहिला तर हाताने बंद करताना धक्का स्विचच्या संपर्कांवर पडेल. हाताच्या स्थितीत प्रोग्रामची वीस मिनिटांची मर्यादा लागू होत नाही, ही सूचना स्विचजवळ लिहून ठेवावी.

कमी दाबासाठी मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह बरा. तो शून्य दाबावरही पूर्ण उघडतो.

नळजोडणी

इथे मी सहमत नाही. पाणी चालू असताना वीज गेली तर साधा मोटरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि टाकी रिती होते. त्यापेक्षा शून्य दाबाचा थेट उघडणारा सोलेनॉइड घ्यावा. वीज गेली की तो स्प्रिंगने मिटतो.

तारांची वही

वीज गेल्यावर आतल्या कपॅसिटरच्या बळावर मिटणारे मोटरचे व्हॉल्व्हही मिळतात, फक्त ते महाग पडतात. थेट उघडणाऱ्या सोलेनॉइडची कॉइल मोठी असते. तो घेतला तर प्रवाह आधी मोजावा. १ अँपिअरच्या वर गेल्यास १एन४००७ ऐवजी १एन५४०८ लावावा आणि अ‍ॅडॉप्टर व तार दोन्ही नव्याने तपासावे.

गच्चीतली बाग

बाण बरोबर दिशेने आहे. फिल्टर, बायपासची नळी आणि तीन स्थितींचा स्विच या रविवारी बसवते. व्हॉल्व्हचे अजून ठरत नाही. टाकी आणखी मीटरभर उचलावी, असाही विचार मनात आहे, पण हजार लिटरच्या टाकीचे वजन जुन्या स्लॅबवर एकाच कोपऱ्यात येईल, ते आधी घर बांधणाऱ्या मिस्त्रींना विचारते. कपॅसिटरवाला मोटर व्हॉल्व्ह कोणी एक-दोन पावसाळे उघड्यावर वापरला असेल, तर त्याच्या पेटीत पाणी शिरते का, हे कृपया लिहावे.